शंभर कोटींचे आकडे

कॉलेजच्या लॅबमध्ये धाकटी बहीण शेजारच्याच मशीनवर होती आणि कोडिंग स्पर्धेच्या यादीत ताईच्या एक पायरी वर. ताईचा नुसता जळफळाट चालला होता. जिला आपणच लूप लिहायला शिकवलं, ती आपल्याच डोक्यावर मिरे वाटणार?

दुसऱ्याचा कोड पाहून, तो अडकेल असे आकडे देऊन तो पाडायचा असेल, तर आधी आपलं उत्तर कुलूपबंद करायचं, मग त्यात बदल नाही, असा स्पर्धेचा नियम होता. ताईचं उत्तर नमुन्याच्या चाचण्यांत पास होतं. तिने बेधडक कुलूप घातलं.

धाकटीचा कोड उघडला आणि तिला हसूच फुटलं. प्रत्येक आकड्यापर्यंतची बेरीज काढायची होती, आणि बया दर वेळी पहिल्या आकड्यापासून बेरीज करत होती! नमुन्यातल्या पाच आकड्यांना ते चालून गेलं होतं. ताईने दोन लाख आकड्यांचा इनपुट टाकला आणि वर खुन्नस म्हणून प्रत्येक आकडा नियमात बसणारा सगळ्यात मोठा, शंभर कोटींचा, ठेवला. उत्तर काढायला प्रोग्रामला दिलेली दोन सेकंदांची मुदत उलटली. धाकटी नापास!

"ताई, कुणीतरी माझं उत्तर पाडलं गं," म्हणत धाकटीने मागचीच बेरीज पुढे नेणारा कोड पाच मिनिटांत लिहून पाठवला.

शेवटी नियमाप्रमाणे तोच इनपुट सगळ्यांच्या उत्तरांवर चालवला गेला. धाकटी पास झाली. ताईने मात्र बेरीज साठवायला साधा 'इंट', म्हणजे आकड्यांचा लहान डबा, घेतला होता. त्यात दोनशे कोटींच्या थोडं पुढे काही मावत नाही. तिचं उत्तर चुकलं, आणि कुलूप तर तिनेच घातलेलं.

"कोण मेला असले आकडे टाकतो गं?" धाकटी तिच्या पाठीवर हात ठेवून कळवळून म्हणाली.