रूट परत लावायचं राहिलं

तनयसरांना क्लासमध्ये येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तेवढ्यात कॉलेज रोडवरच्या पोरांनी त्यांचा हेअरकटसुद्धा उचलला होता. सुधामॅडमना हे दिसत होतं. न दिसायला त्या काय आंधळ्या होत्या?

यंदाची टॉपर बॅच कोणाला द्यायची, हे क्लासचे मालक गंगाधरसर डेमो लेक्चरवरून ठरवणार होते. ती बॅच बारा वर्षं मॅडमकडेच होती.

काल तनयचा डेमो झाला. बिंदूपासून कर्व्हचं सर्वात कमी अंतर. त्याने रूटसकट डेरिव्हेटिव्ह काढलं, फळा भरला, वर दोन विनोद केले. पोरं टाळ्या वाजवत होती. विनोदांना! मागच्या बाकावर मॅडम पेनाचं टोपण चावत होत्या.

आज पाळी त्यांची. मागच्या बाकावर गंगाधरसर आणि त्यांच्या शेजारी तनय.

"कर्व्ह y = x², बिंदू (३, ०)," मॅडम म्हणाल्या. "काही लोकांना रूट गळ्यात घालून फिरायची हौस असते. आपल्याला नाही. अंतर काही ऋण नसतं, म्हणून जिथे अंतराचा वर्ग सर्वात कमी, तिथेच अंतर सर्वात कमी. मग वर्गच घ्या!"

त्यांनी D² = (x − ३)² + x⁴ लिहिलं. डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं: २(x − ३) + ४x³ = ०, म्हणजे x = १. दुसरं डेरिव्हेटिव्ह २ + १२x², कायम धन, म्हणजे हाच मिनिमम. सगळं चार ओळींत. मॅडमनी तिरक्या नजरेने तनयकडे पाहिलं. तो मान डोलावत होता, मेला! निदान तोंड तरी पाडायचं.

त्या तिरमिरीतच त्यांनी (१, १) घातलं, ४ + १ केलं आणि लिहिलं: सर्वात कमी अंतर = ५. भोवती ठसठशीत चौकट.

ओझरहून येणाऱ्या ओवीने हात वर केला. "मॅडम, ओरिजिनपण कर्व्हवरच आहे ना? ते तर बिंदूपासून तीनवरच आहे. मग सर्वात कमी पाच कसं?"

मॅडमचा खडू जागीच थांबला. वर्ग घेतला खरा, पण शेवटी रूट परत लावलंच नव्हतं. उत्तर √५. गंगाधरसरांनी चष्मा वर केला. बॅच चाललीच.

"शाब्बास ओवी!" तनय मागून ओरडला. "मॅडम मुद्दाम खड्डा खणतात, कोण पडतं बघायला. मघापासून मी वाट बघतोय, कोण ओळखतं ते."

पोरं हसली. गंगाधरसरही हसले. मॅडमनी पाचावर रूट चढवलं आणि म्हणाल्या, "हं. एकटी ओवीच जागी आहे वाटतं."

बॅच त्यांनाच मिळाली.

जिन्यात तनय भेटला. "अभिनंदन, मॅडम. वर्गाची युक्ती मस्त आहे. काल मी उगाच फळा भरला. उद्यापासून मीही तुमच्यासारखंच शिकवतो."

मॅडमना वाटलं, याने टोमणा तरी मारावा. एक तरी. म्हणजे रात्री शांत झोप लागेल.

"शिकवा," त्या म्हणाल्या. "फक्त शेवटी..."

"हो मॅडम," तो अदबीने म्हणाला, "लक्षात आहे."