वहिनीच्या नावाची चौकट

माझी वहिनी समुपदेशक आहे. एका आरोग्य केंद्रात बसते आणि लोकांचं ऐकून घेते. घरी आली की त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. लग्न होऊन आली तेव्हा आईला हे फार लागायचं. दिवसभर परक्यांशी बोलते आणि घरात तोंडाला कुलूप, असं ती माझ्याजवळ कुरकुरायची. पुढे सवय झाली. आईनं एकदा तर शेजारणीला अभिमानानं सांगितलं की आमच्या सुनेच्या पोटात गेलेली गोष्ट गेली म्हणून समजा.

आमच्या घरी कॉम्प्युटर एकच, जेवणाच्या टेबलाला लागून, खिडकीखाली. चालू केला की सरळ उघडायचा, पासवर्ड वगैरे भानगड नाही. आईला सोपं जावं म्हणून दादानंच तसं करून ठेवलं होतं. ब्राउझरही सगळ्यांचा एकच. तो विचारायचा, पासवर्ड लक्षात ठेवू का? आम्ही सगळे 'हो' म्हणायचो. दादा विजेचं बिल भरायचा, मी कपडे मागवायचे, आई भजनं ऐकायची. वहिनी त्याला सहसा हात लावत नसे. फक्त एकदा तापानं पडली असताना तिनं त्यावरून केंद्राच्या साइटवर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या भेटी पुढे ढकलल्या होत्या. तेवढ्या वेळात तिनंही त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं, आणि मोबाइलवर येणारा कोड पुन्हा पुन्हा टाकायला नको म्हणून 'हा कॉम्प्युटर विश्वासातला आहे' यावरही खूण केली.

आईचे गुडघे दुखत होते. त्याच केंद्रात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची वेळ घ्यायची होती. सून कामावर, तिला कशाला त्रास, म्हणून आईनं स्वतःच साइट उघडली. पेशंट आणि कर्मचारी, दोघांनाही आत जायला पान एकच. चौकटीत नाव आधीच भरलेलं होतं, खाली पासवर्डचे काळे ठिपके. नाव म्हणजे फक्त पहिलं अक्षर आणि पुढे आमचं आडनाव; आईचं आणि वहिनीचं पहिलं अक्षर एकच. आईला वाटलं, काय शहाणं यंत्र आहे, मला ओळखतं! तिनं बटण दाबलं.

आत तिच्या गुडघ्यांचं काहीच नव्हतं. वहिनीच्या भेटींची यादी होती, नावं आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. त्यात एक नाव ओळखीचं निघालं. आमच्या गल्लीच्या टोकाला शिलाईचं दुकान चालवणाऱ्या काकूंचं. त्यांचं कारण काय होतं ते मी इथे सांगणार नाही.

आईचं मन लोण्यासारखं. दुसऱ्या दिवशी पडदे शिवायला टाकायच्या निमित्तानं ती दुकानात गेली, काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मला सगळं कळलंय, तुम्ही एकट्या नाही. काकूंनी मशीन थांबवलं. पडदे न मोजताच परत दिले.

संध्याकाळी जेवताना वहिनी गप्प होती. नंतर कळलं की काकूंनी केंद्रात फोन करून पुढच्या सगळ्या भेटी रद्द केल्या होत्या, आणि कारण विचारल्यावर एवढंच सांगितलं होतं की तुमच्या त्या समुपदेशक बाईंनाच विचारा. वहिनीला काही उलगडा होत नव्हता. तेवढ्यात आईनंच भाजी वाढता वाढता विषय काढला, बिचारीला जरा धीर देऊन आले.

वहिनीचा हात ताटातच थांबला. आवाज मात्र चढला नाही.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"कॉम्प्युटरनं दाखवलं की."

वहिनी उठली, हात धुतले, आईला शेजारी बसवलं आणि जसं केलं तसं करून दाखवायला सांगितलं. आईनं दाखवलं. यादी उघडली तशी वहिनीनं लगेच दुसरीकडे मान वळवायला सांगून पान बंद केलं. आईला एव्हाना अंदाज आला होता. वहिनी म्हणाली की चूक तुमची नाही. ही चौकट फक्त साइट ओळखते, खुर्चीत कोण बसलंय ते तिला कळत नाही.

मग तिनं मोबाइलवरून केंद्राचा पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं, विश्वासातल्या यंत्रांतून हे यंत्र काढलं. ब्राउझरमधला पासवर्ड नुसता पुसून भागत नाही, म्हणाली, ज्यानं पाहिला त्याच्या डोक्यातून कसा पुसणार? नंतर सेटिंगमध्ये जाऊन तिनं आम्हाला साठवलेल्या पासवर्डांचं पान दाखवलं. माझा ईमेल, दादाची बँक. शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली की ठिपक्यांच्या जागी अख्खा पासवर्ड. कॉम्प्युटरलाच कुलूप नव्हतं, त्यामुळे कुणी अडवायलाही नव्हतं. खाली दादाचं कार्ड, नंबर आणि मुदतीसकट. मागचे तीन आकडे तेवढे विचारले जातील, आणि काही परदेशी साइट तेही विचारत नाहीत, मोबाइलवरचा कोडही नाही, असं ती म्हणाली.

दादा म्हणाला, "पण घरचीच माणसं ना सगळी."

"काकूंच्या घरची नाहीत," वहिनी म्हणाली.



खरं तर तिला गप्प बसता आलं असतं. पाहिलं कुणी, तर सासूनं. ती कशाला बोंब मारणार होती? काकूंना काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती. दादानं तसं सुचवलंही. वहिनीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सकाळी ती नेहमीच्या आधी निघाली आणि केंद्राच्या प्रमुख बाईंसमोर जाऊन काय घडलं, कुणाकुणाची नावं दिसली असतील, सगळं सांगितलं. यादीतल्या प्रत्येकाला कळवायचं ठरलं. वहिनीला लेखी समज मिळाली, घरून काम करायची सोय काढून घेतली. आम्हाला हे तिनं भाजी चिरता चिरता सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल.

काकूंना केंद्रातूनच विचारणा झाली की भेटाल का. त्या आल्या. वहिनी काय म्हणाली ते मला पुढे काकूंकडूनच कळलं, "मी कुणाला बोलले नाही. पण तुमची गोष्ट माझ्या हलगर्जीपणानं बाहेर गेली. तुमच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच." माझ्याकडेच या, असा आग्रहही तिनं धरला नाही. उलट आपल्यापेक्षा अनुभवी असलेल्या सहकारी बाईंचं नाव सुचवलं आणि त्यांची वेळ मिळवून दिली.

आईला काकूंच्या पाया पडायला जायचं होतं. वहिनीनं तिला थांबवलं. त्यांना बोलावंसं वाटलं तर त्या बोलतील, तोवर त्या दुकानावरून जाताना तुम्ही नेहमीसारख्या हसा, बस्स. आईनं ते पाळलं. मनाला येईल ते पटकन बोलून टाकणाऱ्या बाईनं ते पाळलं, याचंही मला कौतुक वाटतं.

त्या रविवारी आम्ही कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. साठवलेली कार्डं काढली. आईनं आपला पासवर्ड स्वतः ठरवला आणि आम्हाला खोलीबाहेर काढून टाईप केला. पाठ व्हायला तिला बरेच दिवस लागले, पण सांगितला कुणालाच नाही.

बऱ्याच महिन्यांनी मी पँट अल्टर करायला काकूंच्या दुकानात गेले. तोंडात टाचण्या धरून त्या माप घेत होत्या. टाचण्या काढून ठेवल्या आणि आपणहून बोलल्या. आता बरं आहे, झोप लागते. वहिनीनं सुचवलेल्या बाई चांगल्या आहेत.

"तुझी वहिनी खोटं बोलली असती तर मला पत्ताही लागला नसता," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा चिडले होते. अजूनही थोडा राग आहे. पण विश्वास कुणावर ठेवायचा असं कुणी विचारलं, तर मी तिचंच नाव सांगते. तूही सांग लोकांना, माझं नाव न घेता."

म्हणून सांगितलं. पँट त्यांनी दोन बोटं वर घेतली, आणि छान बसली.