पहिली पेज मडक्याची

तडकलेल्या मडक्याचा फोटो आला तेव्हा सिनुऑन खांबांवरच्या घराखालच्या सावलीत भाताचा पेंढा झोडत होती. नॉम पेन्हच्या कुणा बाईंनी मडकं काचेच्या विजेच्या शेगडीवर ठेवलं होतं. तळ मधोमध चिरला होता. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘तुम्हीच लिहिलं होतंत ना, सगळ्या शेगड्यांवर चालतं?’

लिहिलं होतं खरं. मडकी घडवायची तिची वहिनी रोमदुल आणि फोनवर विकायची सिनुऑन. दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीतली वाक्यं तिनं जशीच्या तशी उचलली होती.

“त्यांना दुसरं मडकं पाठवू,” रोमदुल म्हणाली. थोपटायची लाकडी फळी हातात घेऊन, ओल्या मडक्याला आकार देत ती त्याच्याभोवती उलटी चालत होती. “पण आधी ते वाक्य काढ बाई. नाहीतर मी थोपटत राहीन आणि तू फोडत राहशील.”

वाक्य काढलं, पण त्या जागी लिहायचं काय ते सुचेना. झोपाळ्यात तिचे वडील, केव, डोळे मिटून पडले होते. भाताची कापणी झाली की हेच केव बैलगाडीवर पेंढ्यात मडकी रचून पार बातांबांगपर्यंत जायचे. मडक्यात मावेल तेवढं भात घ्यायचं आणि मडकं द्यायचं. लहानपणी सिनुऑन गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसायची. गाव आलं की वडील उभे राहायचे आणि आरोळी सुरू व्हायची.

“बा, तुम्ही गावात शिरल्यावर काय म्हणायचात हो?”

“कशाला? गिऱ्हाईक आलंय?”

“गिऱ्हाईक फोनमध्ये आहे.”

केव उठून बसले. खाकरले. आणि इतक्या वर्षांनी तीच आरोळी सुरू झाली, किंचित कापऱ्या आवाजात:

“मडकं घ्या, पण आधी ऐकून घ्या! पहिली पेज मडक्याची, दुसरी तुमची. रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी वाळवा, मग मंद आचेवर तांदळाची पातळ पेज शिजवा आणि त्यातच गार होऊ द्या. मडकं पेज पितं, त्याची भोकं बुजतात. तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतू नका, ओल्या जमिनीवर टेकवू नका. हे पडलं तर फुटणार, मी खोटं बोलणार नाही!”

रोमदुलचं थोपटणं थांबलं होतं. सिनुऑन भराभर लिहून घेत होती. खाली तिनं आपली भर घातली: चार माणसांच्या भाताचं मडकं झाकणासकट साधारण दीड किलो, पण हातानं घडवल्यामुळे थोडं कमीजास्त. कोळशाची शेगडी सगळ्यांत उत्तम, लाकडाची चूलही चालेल. गॅस असेल तर खाली लोखंडी जाळी ठेवा, आच लहान ठेवून हळूहळू वाढवा. काचेची विजेची शेगडी नको. इंडक्शनवर तर मडकं तापतच नाही. साबण लावू नका, माती तो शोषून घेते.

“एवढं घाबरवल्यावर कोण घेईल गं?” रोमदुल म्हणाली.

“गाडीवरची मडकी कधी परत आली होती का?” केव म्हणाले.

सिनुऑननं ते सगळं जाहिरातीत टाकलं. दुपारी फोन वाजला, तिनं स्पीकर लावला. पलीकडे एका आजींचा खणखणीत आवाज होता.

“पोरी, हे ‘पहिली पेज मडक्याची’ कुणी लिहिलं? पुर्सातकडच्या आमच्या गावात एक गाडीवाला यायचा, तो असंच ओरडायचा. एका बैलाचं शिंग मोडकं होतं बघ.”

सिनुऑननं फोन वडिलांच्या तोंडासमोर धरला.

“डावं शिंग,” केव म्हणाले.

आजी कडाडल्या, “मेल्या, तू आहेस होय! मी नवी नवरी होते. तुझं मडकं महिन्याभरात गळायला लागलं!”

“पेज पाजली होतीस?”

“सासूनं थांबूच दिलं नाही. आल्याच दिवशी मासे आटवायला चढवलं.”

“मग सासूशी भांड! माझ्याशी काय भांडतेस?”

आजी इतक्या हसल्या की पलीकडे कुणीतरी त्यांना पाणी प्यायला सांगू लागलं. वन्नी त्यांचं नाव. आता त्या लेकाकडे आठव्या मजल्यावर राहत होत्या. सून म्हणे चांगली होती, पण घरात विजेचीच शेगडी होती. सज्ज्यात कोळशाची शेगडी लावायची परवानगी त्यांनी लेकाशी भांडून मिळवली होती. ताडगूळ घालून मासे तिथंच आटवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी त्यांना एक मडकं हवं होतं.

फोन ठेवल्यावर केव काठी टेकत मडक्यांच्या ढिगाकडे गेले. एकेक उचलून त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. दोन बाजूला ठेवली. तिसऱ्याचा आवाज स्वच्छ, लांब घुमला. त्यांनी ते पुन्हा एकदा वाजवलं.

“बा, मी बांधते. तुम्ही बसा.”

“तुला पेंढा दाबता येतो होय?”

मडक्याच्या पोटात पेंढा, भोवती पेंढा, झाकण वेगळं. केव घट्ट बांधत गेले. सिनुऑन दोरीचं टोक धरून उभी राहिली. पेंढ्याच्या उबदार वासानं तिला गाडीची लय आठवली, चाकांची करकर, वडिलांची रुंद पाठ. आता ती पाठ वाकून तिच्या कमरेच्या उंचीला आली होती.

“आपली पार्सलं नेणाऱ्या व्हॅनवाल्याला सांग, हे मांडीवर घेऊन बस म्हणावं,” केव म्हणाले. मग दोर दातांत धरून गाठ ओढली आणि तोंड मोकळं होताच पुढे म्हणाले, “आणि तिला परत फोन लाव. शेगडीत कोळसे किती घालायचे, ते सांगायचं राहिलं.”