चित्राविना वेव्हफॉर्म

तक्रार समितीत तिघं होते: विभागप्रमुख, प्रयोगशाळा सांभाळणारे सर आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाई. समोर उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवणाऱ्या डायोड रेक्टिफायरचा प्रश्न होता, ‘शेजारच्या सर्किटचा आउटपुट वेव्हफॉर्म निवडा.’ म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या विजेच्या लाटेचा आकार. शेजारी कसलं सर्किट! संगणकावरच्या परीक्षेत ते चित्र उमटलंच नाही, आणि अ, ब, क, ड पुढचे वेव्हफॉर्मही नाहीत. नुसती चार अक्षरं.

बाईंची भाची या एका गुणाने नापास झाली होती. तिने प्रश्न कोरा सोडला होता. तो रद्द होऊन सगळ्यांना गुण मिळाला, तर पोरीची ठरलेली नोकरी टिकणार होती, नाहीतर गेलीच. बाईंनी इथे मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती. नातं सांगितलं की नियमाने बाहेर जावं लागणार, मग या दोघांना समजावणार कोण? असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

“उत्तर ब,” प्रमुख म्हणाले. “डायोड एकच असणार. वरच्या अर्ध्या लाटा जातात, खालच्या अडतात. दरवर्षीचंच आहे हे.”

“मग दोघांनी आपापल्या कागदावर आउटपुट काढा. एकमेकांचं बघायचं नाही,” बाई म्हणाल्या.

“घ्या, आता आमचीच परीक्षा!” सर हसले, पण त्यांनी काढलं.

प्रमुखांच्या कागदावर एक उंचवटा, मग तेवढीच सपाट रेघ, पुन्हा उंचवटा. सरांच्या कागदावर उंचवट्याला चिकटून उंचवटा. त्यांनी खालच्या लाटाही वर वळवणारा चार डायोडचा ब्रिज धरला होता.

“एकच डायोड उलटा जोडला असेल, तर उंचवटे शून्याखाली,” बाई म्हणाल्या. “पुढे वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असेल, तर जवळजवळ सरळ रेघ. आणि आकार ओळखला, तरी तो ब पुढे होता हे पोरांना कुणी सांगायचं?”

प्रश्न रद्द करायला प्रमुखांनी पेन उघडलं.

“आपल्यापैकी कुणाचं नात्यातलं परीक्षेला नव्हतं ना? विचारावं लागतं,” ते म्हणाले.

बाईंना खोटं बोलणं जमेना.

“माझी भाची होती.”

प्रमुखांनी पेन मिटलं. “बाई, हे आधी सांगायचं होतं. आता घरच्या पोरीसाठी केलं म्हणतील.”

“पण कागद तर तुमच्याच हातचे आहेत!”

“आहेत ना. काढून कुणी घेतले?” सरांकडे न बघता ते म्हणाले, “ब राहू दे.”

सरांनी मान खाली घातली. समितीचा निर्णय शेवटचा असे.

बाई घरी पोचल्या, तर भाची दारातच उभी होती.

“आत्या, बरोबर उत्तर काय होतं गं?”

“उत्तर नव्हतंच. तू कोरा सोडलास, तेच बरोबर.”

पोरीचा चेहरा उजळला. “म्हणजे मी पास?”

बाईंना चप्पलही काढवेना.

“नाही,” त्या म्हणाल्या. “हे सांगणारी मी होते, म्हणून नाही.”