बाबांची घट

माझ्या सासऱ्यांनी उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा सरकारने तराजू ठेवून घेतला, संशय मात्र त्यांच्याकडेच राहिला. घरात साखरेचा डबा उघडला तरी त्यांच्या भुवया वर जायच्या. अशा माणसाला मी स्वतःहून माझ्या खानावळीच्या स्वयंपाकघरात बोलावलं. माझंच डोकं फिरलं होतं, दुसरं काय!

पण इलाज नव्हता. समोरचं ऑफिस उठून गेलं आणि माझी जेवणारी माणसं निम्म्यावर आली. कारखान्याच्या कॅन्टीनला रोज तीनशे थाळ्या हव्या होत्या, भाव वर्षभर बांधलेला. भाव जास्त सांगितला तर काम जाणार, कमी सांगितला तर मीच जाणार. आणि कुठे जाणार, तर थोरल्या जाऊबाईंच्या कपड्यांच्या दुकानात, घड्या घालायला. त्यांनी माझ्यासाठी ॲप्रनसुद्धा शिवून ठेवला होता. गुलाबी. मेले तरी घालणार नाही असं मी मनाशी ठरवलं होतं.

"एका थाळीला फ्लॉवर कितीला पडतो?" बाबांनी विचारलं.

"किलो चाळीसला. थाळीला सत्तर ग्रॅम. दोन ऐंशी," मी तोऱ्यात म्हटलं.

"पानं आणि दांडे कोण खातं? तुझं गिऱ्हाईक की गाय?"

मग त्यांनी दोन किलो फ्लॉवर मावशींपुढे ठेवला. मावशी म्हणजे आमच्या भाजी चिरणाऱ्या, माझ्या आधीपासून या स्वयंपाकघरात असलेल्या, आणि मला घाबरत नाहीत हे रोज दाखवून देणाऱ्या. बाबा स्टुलावर बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर सुरीवर. साफ केलेला फ्लॉवर भरला एक किलो चारशे ग्रॅम.

"म्हणजे तीस टक्के घट," मी म्हटलं. "दोन ऐंशीवर तीस टक्के चढवायचे. तीन चौसष्ट."

"अरे देवा! चढवायचे नसतात, सूनबाई. ऐंशी रुपये दिलेस आणि हातात आला एक किलो चारशे. ऐंशीला एक पूर्णांक चारने भाग. साफ फ्लॉवर किलोला सत्तावन्न पडतो. थाळीला चार. छत्तीस पैसे तू हवेत सोडत होतीस. गुणिले तीनशे कर आणि रड."

मी गुणाकार केला. रडले नाही, पण पाणी प्यायले. मग बटाटा, वाटाणा, पालेभाजी, सगळ्यांची अशीच झडती झाली. वाटाण्याच्या शेंगा हंगामात भरलेल्या असतात, नंतर नुसती टरफलं हाती येतात, म्हणून त्यात बाबांनी वाईट महिन्यांचाही हिशोब धरला. तेल, गॅस, मावशींचा पगार, सगळं घालून वर थाळीमागे दोन रुपये सुटतील असा भाव आम्ही दिला. काम मिळालं! मी जाऊबाईंना फोन करून इतकं गोड बोलले की त्यांना शंका यायला हवी होती.

पहिल्याच फ्लॉवरच्या दिवशी भाजी दोनशे पस्तीस थाळ्यांत संपली.

तीस किलो आणला होता, एकवीस किलो साफ व्हायला हवा होता. झाला साडेसोळा. बाबांनी आधी भाजीवाल्याला फैलावर घेतलं. मग तराजूला. मग कचऱ्याची बादली टेबलावर उलटी केली आणि एकेक दांडा मोजला. चोरी कुठेच नव्हती. दांडे तेवढे बोटभर लांब आणि त्यांना भरभरून तुरे चिकटलेले.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"फ्लॉवर," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी बाबा स्टुलावर बसले. एकवीस किलो. तिसऱ्या वेळी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. साडेसोळा. बाबा बघत असले तर शंभरातला सत्तर, नसले तर पंचावन्न. पंचावन्नला फ्लॉवरच थाळीमागे पाच रुपये नऊ पैसे पडत होता, आणि बाकीच्या भाज्यांचीही तीच गत. दोन रुपये कुठले सुटतात, खिशातलेच जाणार होते. माझा अख्खा धंदा एका म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्यावर उभा होता!

मग काय, बाबा रोज बसायला लागले. पण दुपारी त्यांचा डोळा लागायचा, की साफ मालाचा उतारा बासष्टवर. मी मुद्दाम पातेली आपटायचे. ते दचकून जागे व्हायचे, उतारा पुन्हा वर. एकदा त्यांना पुतण्याकडे जायचं होतं तेव्हा मी त्यांचा कोट स्टुलाच्या मागे खुंटीला लावला, वर टोपी, खाली चपला. लाज वाटते सांगायला, पण चौसष्ट टक्के मिळाले.

संध्याकाळी मावशींनी सुरी ठेवली आणि कोटाकडे बोट दाखवलं.

"ताई, हे उद्या पण येणारेत का?"

मी घाईघाईने पातेली आवरायला लागले.

"मी काय चोर आहे?" त्यांचा आवाज चढला. "दोन किलो दिलेत तेव्हा एकेक तुरा सोडवून दिला. आता तीस किलो, तेवढ्याच वेळात, एकटीने! साहेब बसतात तेव्हा जेवण सोडून करते, मान मोडते, कारण तो माणूस बघत असतो, मला कमी पडायचं नसतं. ते नसले की करते जेवढं होईल तेवढं. फ्लॉवर मोजलात, शेंगा मोजल्यात, कचरा मोजलात. माझा हात कुणी मोजला?"

खरं सांगते, मला माझाच राग आला. दोन किलोवर निवांत काढलेला उतारा मी तीस किलोच्या घाईवर लावला होता. दुसरी चिरणारी बाई ठेवायची तर तिच्या पगारात ते दोन रुपये जात होते. न ठेवावी तर दांड्यात जात होते. गुलाबी ॲप्रन डोळ्यांपुढे फडफडायला लागला.

बाबा परत आले, त्यांनी कोट पाहिला, टोपी पाहिली, आणि सगळं ऐकून घेतलं. मी वाटच बघत होते की आता माझी शोभा होणार. पण त्यांनी कोट काढून त्याची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल बाजूला सरकवून, सुरी घेऊन, ते मावशींच्या शेजारी जमिनीवर बसले.

"शिकवा," ते म्हणाले.

अहो, काय तो अवतार! निम्मा फ्लॉवर बादलीत, निम्मा मांडीवर. मावशी कपाळावर हात मारायच्या, "साहेब, दांड्याला पकडा, तुऱ्याला नको, तो काय पळून जातोय?" त्यांनी तीन किलो केला आणि साफ निघाला एक किलो दोनशे. चाळीस टक्के! आयुष्यभर लोकांचे तराजू जप्त करणारा माणूस.

पण पुढचं मला विसरता येत नाही. उरलेले सत्तावीस किलो मावशींनी त्याच वेळात केले, बोलत, हसत, साहेबांना दर तुऱ्याला टोमणा मारत. धुणं, उचलणं, टोपल्या रिकाम्या करणं बाबांच्या अंगावर, मावशींच्या हातात फक्त सुरी. मी तराजूवर ठेवलं. अठरा किलो नऊशे. सत्तर टक्के, आणि मावशी जेवल्यासुद्धा वेळेवर.

म्हणजे एकूण वीस किलो शंभर. नऊशे ग्रॅम कमी पडले, त्यासाठी सव्वा किलोहून थोडा जास्त फ्लॉवर जादा आणावा लागणार. तीनशे थाळ्यांवर वाटला तर थाळीमागे सतरा पैसे.

"बाबा, उद्यापासून तुम्ही नुसतं धुवा," मी म्हटलं. "चिरू नका. सतरा पैसे वाचतील."

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी सुरी पुसली आणि ओट्यावर ठेवली. मावशींनी ती उचलली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"ताई," त्या म्हणाल्या, "तेवढे आपल्या हिशोबात धरा की."

मी धरले. भिंतीवरच्या हिशोबात तेल, गॅस आणि पगार यांच्या खाली आता एक ओळ आहे, बाबांची घट, सतरा पैसे, आणि बाबा रोज सकाळी ती वाचून मगच बसतात.