टोपली कुणी चढवली

सतरा मेचा, आमच्या राष्ट्रदिनाचा, तो दिवस आम्हांला लख्ख आठवतो. कडक ऊन होतं आणि बर्फही पडत होता. यावर वाद घालू नका. टेकडीवरच्यांना बर्फ आठवतो, धक्क्याजवळच्यांना ऊन, आणि गाव एकच आहे, तेव्हा दोन्ही खरं.

आमच्या धक्क्यावर बोट आपणहून थांबत नाही. खांबावर दोरीनं लाल टोपली चढवलेली दिसली तर कप्तान वळतो, नाहीतर भोंगा वाजवून पुढे जातो. टोपली चढवणं हे धक्क्याच्या राखणदाराचं, आनफिनचं काम. पण त्या बावळटाला राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत शिंग फुंकायची हौस! सूर आजारी गायीचा, तरी हौस. सकाळी म्हणाला, "बोरघिल्दच्या पोरीला शहरात न्यायचंय, डॉक्टरकडे. मी मिरवणुकीत असेन. ही धक्क्यावरच्या खोलीची किल्ली. टोपली तेवढी चढवाल ना?"

"अरे, आम्ही आहोत ना!" आम्ही म्हणालो.

पोरीचं नाव तूरा. पोटदुखीनं तिचं मुटकुळं झालं होतं. आई बोरघिल्द तिला घोंगडीत गुंडाळून हातगाडीवर घेऊन आली. बाप दूर समुद्रावर. आम्ही सगळे निरोप द्यायला जमलो. प्रत्येकाच्या हातात झेंडा, मुलांच्या तोंडी गाणी, टेबलावर केक. बोट खाडीच्या तोंडाशी दिसली तसे आम्ही जोरात झेंडे हलवले. बोटीवरच्या लोकांनी रुमाल हलवले. काय सुंदर दिसत होतं! कप्तानानं आमच्या सणाला लांबलचक भोंगा दिला आणि बोट निघून गेली.

बोरघिल्द तेवढी किंचाळत होती, "टोपली! टोपली कुठाय?"

कुणीतरी केकची टोपली तिच्यापुढे केली. हे मात्र कुणी केलं ते आम्हांला आठवत नाही.

मग ओलुफ आणि त्याच्या भावानं मायलेकींना होडीत घातलं आणि वल्ही मारली. चार माणसांच्या त्या होडीत आज निम्मं गाव बसलेलं आहे. ज्याला विचारावं त्याच्या हाताला त्या दिवशी फोड आले होते. पोरगी शहर दिसायच्या आत गेली.

पुढे आम्हांला सावकाश सगळं आठवत गेलं. त्याच हिवाळ्यात गुद्रुन म्हणाली, "टोपली कुणीतरी चढवली असेलच की." पुढच्या हिवाळ्यात ती "चढवली होती" झाली. मग "आम्ही चढवली" झाली. कप्तानानं टोपली पाहून मुद्दाम तोंड फिरवलं, हे प्रथम पेत्रानं सांगितलं. ती तेव्हा दूर बर्गन शहरात मोलकरीण होती. पण आता ते तोंड आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा न जन्मलेल्यांनीसुद्धा.

आनफिन एकटाच म्हणत राहिला, "संध्याकाळी मी खोलीत गेलो तेव्हा टोपली खिळ्यालाच होती. वर कोळिष्टक!" कोळिष्टक, म्हणे! शिंगवाल्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? धक्क्याजवळ त्याचं दुकान होतं, तिथे कुणी जाईना, त्याच्याशी कुणी बोलेना. शेवटी गाव सोडून गेला. गेला तेच बरं झालं.

बोरघिल्दला मात्र आम्ही सांभाळून घेतलं. कॉफीला बोलवायचो, जवळ बसवायचो. "आपण किती हाका मारल्या गं त्या बोटीला!"

"आपण नाही," ती म्हणायची. "मी."

"तेच ते."

"दोरी कुणी ओढली?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण? नाव सांगा."

बाहेरून लग्न करून आलेली बाई. तिला गावाची भाषा कधी कळलीच नाही. 'आम्ही'चं काय नाव असतं?

तिनं राखणदाराची किल्ली मागून घेतली. तेव्हापासून बोटीच्या प्रत्येक वाराला ही धक्क्यावर हजर. कुणाला कुठे जायचं असो वा नसो, टोपली वर. बोट मुकाट वळते, थांबते. कुणी चढत नाही. कप्तान शिव्या घालतो. ही टोपली उतरवून पुसते, खिळ्याला लावते आणि आमच्या खिडक्यांकडे बघत घरी जाते. खुळी, दुसरं काय! बोट दर वेळी थांबते, यानं काय सिद्ध होतं? त्या दिवशीचा कप्तान वेगळा होता.

गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. पलंगाभोवती आम्ही सगळे जमलो. रस्सा नेला, उशा नीट केल्या. दूर भोंगा वाजला. तिनं डोळे उघडले.

"टोपली?"

"तू पड गं स्वस्थ," आम्ही मायेनं म्हणालो. "आम्ही आहोत ना!"

ते ऐकल्याबरोबर ती पांघरूण बाजूला सारून उठली आणि भिंतीला धरून बूट शोधू लागली.