टेबलाच्या कडेची तार

शालिकरामच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव शामला होतं. आता त्या पोरीनं याचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. कुहीहून आली, संगणकाची पायथन भाषा शिकली, आणि मधुकर सर दिवसातून दोनदा "शामलाले विचारा" म्हणू लागले. एवढ्यानं माणूस जळतो. शालिकराम तर तीन वर्षांपासून भौतिकशास्त्र विभागात सरांची प्रयोगशाळा सांभाळत होता. घरी नरखेडला संत्र्याच्या बागेत भाऊ राबत होता आणि फोनवर एकच विचारत होता, "नोकरीचं काय झालं गा?"

नोकरी एकच होती, सरांच्या प्रकल्पातली. सरांनी लाकडी फळीवर तांब्याची जाड तार वाटेल तशी वाकवून ठोकली होती. तिच्यातून वीज सोडली की भोवती कुठं किती चुंबकीय क्षेत्र असेल, त्याचा नकाशा दोघांनी काढायचा. मग सर प्रोब, म्हणजे क्षेत्र मोजायची कांडी, घेऊन मोजणार. ज्याचा नकाशा जुळेल, त्याची नोकरी.

अशा वेड्यावाकड्या तारेला पुस्तकातलं तयार सूत्र चालत नाही. तारेचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा सरळ धरायचा, तो हव्या त्या जागी किती क्षेत्र देतो अन् कोणत्या दिशेनं, ते काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. तुकडे हजारो, पण कंटाळणं संगणकाला माहीत नाही.

शालिकरामनं आधी स्वतःच प्रोब धरून ताडून पाहिलं, तर त्याचा नकाशा एका कोपऱ्यात चुकला. त्यानं टेबलाभोवती चक्कर मारली, तेव्हा दिसलं. तारेची दोन्ही टोकं त्याच कोपऱ्यातून बाहेर निघत होती. एक जोडतार सरळ मागे वीजपुरवठ्याच्या डब्याकडे गेलेली, दुसरी मात्र त्या कोपऱ्याला वळसा घालून टेबलाच्या कडेनं लांब फिरून. वीज तिच्यातूनही वाहते, मग तिचंही क्षेत्र असणारच. त्यानं पट्टीनं मोजून तिचेही तुकडे बेरजेत घातले. नकाशा तंतोतंत जुळला.

दुसऱ्या दिवशी शामला लॅपटॉप घेऊन आली.

"दादा, माझा नकाशा एका कोपऱ्यात जुळून नाही राहिला. जरा पाहता का? प्रोग्रामात कुठं चुकली, मले समजून नाही राहिलं."

त्यानं पाहिलं. लिहिणं इतकं नेटकं की त्याचा जीव जळला. चूक तिथं नव्हतीच. फक्त ती कडेची तार तिनं धरली नव्हती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"प्रोग्राम एकदम बरोबर आहे वं," तो म्हणाला. "प्रोबच बिघडला असंन."

खोटं कुठं बोललो, असं त्यानं मनाला समजावलं. प्रोग्राम बरोबरच तर होता. त्या संध्याकाळी तिचा फोन आला, तो त्यानं कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. हुडकेश्वरच्या खोलीवर त्या रात्री त्याला झोपही छान लागली, मेल्याला!

परीक्षेच्या सकाळी सरांनी आधी वीज बंद ठेवून पृथ्वीचं क्षेत्र मोजलं, म्हणजे ते वजा करता येईल. मग वीज सोडली आणि जागोजागी प्रोब धरला. शामलाचा नकाशा सगळीकडे जुळला, त्या कोपऱ्यातही. शालिकरामचा मात्र नेमका तिथंच हुकला.

त्यानं टेबलाकडे पाहिलं. कडेची तार तिथं नव्हतीच. दोन्ही जोडतारा एकमेकींवर पीळ देऊन मागे नेलेल्या होत्या.

"ते मी केलं, सर," शामला म्हणाली. "दादा म्हणाले प्रोग्राम बरोबर आहे, म्हणून मी टेबल पाह्यला. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. पिळून ठेवल्या की दोघींचं क्षेत्र एकमेकाले खोडते. दादाले सांगाले दोनदा फोन केला, पण ते कामात होते."

सर शालिकरामच्या पडद्यावर वाकले. "अरे, तू तर ती तारही मोजली होतीस. ते तुकडे काढ अन् चालव पुन्हा."

त्यानं चार ओळी खोडल्या. नकाशा पुन्हा निघाला, आणि कोपरा जुळला. सरांचा चेहरा उजळला. "शाब्बास. दोघांचंही बरोबर. आता निवडू कोणाले?"

शामला त्याच्या पडद्याकडेच पाहत होती. खोडलेल्या ओळी तिनं वाचल्या होत्या.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी विचाराले आली तेव्हा ही तार तुमच्या बेरजेत होती का?"

शालिकरामच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. सर एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला.

"होती," तो म्हणाला.

"शामला," सर म्हणाले, "सोमवारपासून तू ये."